नहपान लेण्यातले २००० कार्षापण आणि शून्यता

शून्यता शिकवायला घेतली की पहिली अडचण युक्तिवादाची येत नाही, चित्राची येते. टीवायबीएच्या मुलांना शून्यता मांडणाऱ्या बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा युक्तिवाद पेलतो. पण तो ऐकण्याआधीच त्यांच्या मनात एखादं चित्र ठाण मांडून बसलेलं असतं, आणि पुढचं सगळं ते त्या चित्रात बसवून घेतात. उत्तरपत्रिका तपासताना हे लख्ख दिसतं. वाक्यं पुस्तकातली असतात, अर्थ मात्र भलताच.

सर्वात सोपं चित्र रिकाम्या भांड्याचं. भांड्यात पाणी होतं, काढून घेतलं, आता ते शून्य. यात भांडं खरंच राहतं, फक्त आतला ऐवज गेलेला असतो. म्हणजे ज्या गोष्टीची चौकशी करायची ती तशीच सुटते. दुसरं चित्र विज्ञान शाखेच्या मित्रांकडून येतं: अणूमध्ये बहुतेक पोकळीच असते, म्हणजे बुद्धांचं म्हणणं विज्ञानानं सिद्ध केलं. हे वाक्य मला फार खटकतं, कारण ते दिलासा देऊन विचार थांबवतं. अणूत पोकळी किती आहे याचा शून्यतेशी संबंध नाही. उद्या अणू आतून ठासून भरलेला निघाला, तरी नागार्जुनाच्या म्हणण्याला धक्का लागत नाही.

तिसरं चित्र आपल्याकडचं आहे आणि म्हणून सर्वात चिवट आहे: सोनं आणि दागिने. प्रवचनातून, कीर्तनातून, आजीच्या तोंडून मुलांनी ते ऐकलेलं असतं. बांगडी, पाटली, अंगठी ही नुसती नावं आणि रूपं. खरं ते सोनं. अद्वैत समजावायला हा दृष्टान्त अचूक आहे, कारण तिथे सगळ्या रूपांच्या तळाशी एक न बदलणारं तत्त्व आहे असंच सांगायचं असतं. पण शून्यतेला तो लावला की विद्यार्थी बौद्ध मताच्या मथळ्याखाली वेदान्त लिहून मोकळा होतो. दागिने शून्य आणि सोनं मात्र खरं, असं माध्यमिक, म्हणजे नागार्जुनाच्या परंपरेतले विचारवंत, म्हणत नाहीत. त्यांचा प्रश्न सोन्यालाही तोच आहे.

म्हणून मी सुरुवात नकारानं करत नाही. आधी वर्गाला विचारतो, नाकारायचं आहे ते काय? ही शिस्त तिबेटी आचार्य चोंखापा (१३५७–१४१९) यांच्याकडून घेतलेली आहे. त्यांचा आग्रह असा की, काय नाकारायचं ते आधी नीट ओळखा. नेम चुकून जास्त नाकारलंत तर वस्तूच नाहीशी होते आणि तुम्ही उच्छेदवादी, म्हणजे काहीच नाही म्हणणारे, ठरता. कमी नाकारलंत तर मूळ गैरसमज जागच्या जागी राहतो. नागार्जुन नाकारतो तो स्वभाव. इथे स्वभाव म्हणजे माणसाचा तापट किंवा शांत स्वभाव नव्हे. ‘मूलमध्यमककारिके’च्या १५व्या प्रकरणात त्याची व्याख्या आहे: जो घडवलेला नाही आणि दुसऱ्या कशावरही अवलंबून नाही, तो स्वभाव. म्हणजे वस्तूजवळ स्वतःचं असं काही, जे कुणाकडून आलेलं नाही आणि बाकी सगळं काढून घेतलं तरी तिच्यापाशी उरेल. शून्यता म्हणजे वस्तूत हे नसणं. वस्तू नसणं नव्हे.

हे फळ्यावर लिहून दिलं तर मुलं पाठ करतात. म्हणून मी त्यांना नाशिकच्या पांडवलेण्यांवर नेतो. जुन्या शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे, आणि तिथल्या दहाव्या लेण्याला नहपान लेणं म्हणतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं ते कोरवून घेतलं आणि दान दिलं. त्याच्या ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मीत कोरलेला एक लेख आहे. मला जी शून्यता समजावायची आहे तिच्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला नाशकात सापडलेलं नाही, आणि ते बँकेच्या कागदपत्रासारखं रोखठोक आहे.

लेख सांगतो तो व्यवहार असा. उषवदातानं भिक्षुसंघाला ३००० कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ‘अखयनिवि’ दिली, म्हणजे कायमची ठेव. हे पैसे भिक्षूंच्या हातात दिले नाहीत. गोवर्धनातल्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघटनांकडे, गुंतवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरकडचं गोवर्धन. त्यातले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजानं; उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुलांना मी तिथेच पायरीवर बसून हिशेब करायला लावतो. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी १२, म्हणजे २४०. तंतोतंत जुळतं. पुढे लेखात अट आहे: हे कार्षापण परत करायचे नाहीत, फक्त व्याज भोगायचं. ‘अपडिदातवा वधिभोजा.’ शिवाय हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं, असंही कोरलेलं आहे.

हिशेब जुळला की मी विचारतो, आता मला ती ठेव दाखवा. कुठे आहे?

पहिलं उत्तर येतं, ते २००० कार्षापण म्हणजेच ठेव. मग विणकरांनी त्या नाण्यांचं काय केलं असेल? पेटीत ठेवली असती तर व्याज कुठून आलं असतं? सूत घेतलं, माग घेतले, कापड विकलं, दुसरी नाणी आली. काही महिन्यांत मूळची बहुतेक नाणी कुणा-कुणाच्या हाती गेली. ठेव मात्र तीच राहिली. तेव्हा नाणी म्हणजे ठेव नव्हे.

मग श्रेणी? श्रेणीतले विणकर म्हातारे झाले, गेले, मुलं आली. देणं तेच राहिलं. आणि श्रेणीकडे इतरही कामं असणार, तिला ठेव म्हणता येत नाही. भिक्षू? दर पावसाळ्यात वीसही वेगळे असू शकतात. भिंतीवरची अक्षरं? ती आजही आहेत, पण आज कुणी चीवर मागायला गेला तर गोवर्धनात त्याला कोण देणार?

इथे वर्गातला एखादा हुशार मुलगा म्हणतो, सर, यातलं एकेक नाही, पण सगळं मिळून म्हणजे ठेव. हे उत्तर चांगलं आहे, म्हणून त्याच्यापाशी थांबावं लागतं. समजा हीच नाणी, हेच विणकर, हेच भिक्षू आणि हाच कातळ. पण विणकरांना ती नाणी कापडाची किंमत म्हणून मिळाली. जमाव तोच आहे, ठेव नाही. म्हणजे नुसती गोळाबेरीज पुरत नाही. मग या सगळ्यांहून वेगळी अशी एखादी ठेव आहे का? असेल तर नाणी, माणसं, नोंद, बोली सगळं बाजूला काढून ती एकटी दाखवता आली पाहिजे. तशी ती कुणालाच दाखवता येत नाही.

नागार्जुनाचा भाष्यकार चंद्रकीर्ती यानं ‘मध्यमकावतारा’त रथाची जी सातपदरी चौकशी केली आहे, तिची ही पावलं आहेत. रथ अवयवांहून निराळा आहे का, अवयवच आहे का, अवयवांचा मालक आहे का, त्यांच्यात आहे का, ते त्याच्यात आहेत का, नुसता ढीग आहे का, आकार आहे का? सातही जागी हाती काही लागत नाही. मी रथ न घेता ठेव घेतो याला कारण आहे. रथ म्हटला की मुलांना मिलिंद राजा आणि नागसेनाचा संवाद आठवतो, आणि तिथलं उदाहरण ‘माणूस हे अवयवांना दिलेलं नाव आहे’ इथवर नेतं. पुढे ‘अवयव तरी खरे’ असं वाटायला वाव राहतो. बऱ्याच आभिधार्मिकांना, म्हणजे वस्तूंचे मूळ घटक मोजणाऱ्या बौद्ध पंडितांना, ते मान्यही होतं. नागार्जुन तिथे थांबत नाही. ठेवीच्या उदाहरणात अवयव म्हणून नाणी घेतली तरी ती स्वतः पुन्हा कुणाच्या तरी मान्यतेवरच नाणी आहेत. तेव्हा प्रश्न आपोआप पुढे सरकतो.

इथपर्यंत आल्यावर वर्ग हमखास एका टोकाला जातो: म्हणजे ठेव नव्हतीच! तेव्हा मी परत २४० च्या हिशेबाकडे वळतो. सात जागी शोधून न सापडलेल्या त्या ठेवीतून वीस जणांच्या अंगावर चीवरं येणार होती. नागार्जुनानं ‘विग्रहव्यावर्तनी’त याच आक्षेपाला उत्तर दिलं आहे. रथ, घडा, कापड या गोष्टी प्रतीत्यसमुत्पन्न, म्हणजे कारणांवर अवलंबून उपजलेल्या, म्हणून स्वभावशून्य आहेत. तरीही रथ लाकूड, गवत, माती वाहून नेतो, घड्यात मध, पाणी, दूध राहतं, आणि कापड थंडी, वारा, ऊन यांपासून राखतं. शून्य असणं आणि काम करणं यांत विरोध नाही. उलट स्वभाव असता तर काम अडलं असतं. जी ठेव कशावरच अवलंबून नाही, तिच्यात नाणी घालता आली नसती, व्याज काढता आलं नसतं, आणि तिला सुरुवातही झाली नसती.

या उदाहरणाची एक मोठी धोक्याची जागा आहे, आणि ती न सांगता पुढे गेलं तर सगळी मेहनत वाया जाते. ठेव हा माणसांनी केलेला करार आहे. तेव्हा मुलं समजूत करून घेतात की पैसा, कायदा, संस्था या मानण्यावरच्या गोष्टी तेवढ्या शून्य. दगड, पाणी, आग मात्र खऱ्या. एका मुलीनं लेण्याच्या खांबावर हात ठेवून मला हेच विचारलं होतं. “सर, करार मानण्यावर असतो हे पटलं. पण हा कातळ? तो तर आपण मानला नाही तरी कठीणच आहे ना?”

प्रश्न इतका नेमका होता की पुढची सगळी चर्चा त्या खांबाशीच झाली. आधी एक गोष्ट बाजूला करावी लागली. लेण्यात उभं राहून शून्यतेबद्दल बोललं की आतल्या पोकळीकडे बोट दाखवायचा मोह होतो: कोरून काढलं आणि उरली ती शून्यता. हे पुन्हा रिकामं भांडंच. पोकळी जितकी शून्य, तितकाच भोवतीचा कातळही शून्य. उलट, पोकळी कातळावर अवलंबून आहे हे कुणालाही दिसतं. खरं काम आहे ते कातळाबद्दल दाखवण्याचं.

कातळाचा कठीणपणा त्याचा स्वतःचा आहे का? हा बेसॉल्ट, दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. तोच रस पृष्ठभागावर येऊन लवकर निवला तर बारीक कणांचा बेसॉल्ट होतो, खोलवर सावकाश निवला तर मोठ्या स्फटिकांचा गॅब्रो होतो, आणि एकदम गारठला तर काच. वायूचे बुडबुडे अडकले तर सच्छिद्र, ठिसूळ. म्हणजे हा कठीणपणा तापमान, दाब, वेळ आणि घटकद्रव्यं यांच्याकडून आलेला आहे. १५व्या प्रकरणावर लिहिताना चंद्रकीर्ती आगीच्या उष्णतेबद्दल हेच दाखवतो. उष्णता हा आगीचा स्वभाव, असं लोक म्हणतात. पण ती उष्णता सूर्यकांत मणी, इंधन आणि सूर्य एकत्र आल्यावर किंवा अरणी घासल्यावर आलेली आहे. जे आलेलं आहे ते घडवलेलं आहे, आणि व्याख्येप्रमाणे स्वभाव तर घडवलेला नसतो.

ती मुलगी ऐकणारी नव्हती. म्हणाली, “पण आता तर तो कठीण आहे. कसा झाला ते सोडा.” मी म्हटलं, कशाच्या मानानं कठीण? बोटाला कठीण, छिन्नीला नाही, नाहीतर हे लेणं झालंच नसतं. ती विचारात पडली आणि म्हणाली की म्हणजे ‘कठीण’ म्हणताना आपण दुसरं काहीतरी नेहमीच बरोबर धरतो. मला एवढंच हवं होतं. माणसांच्या मान्यतेवर अवलंबून असणं हा अवलंबनाचा एक प्रकार झाला. कारणांवर, घटकांवर आणि ज्याच्याशी तुलना होते त्या दुसऱ्या वस्तूवर अवलंबून असणं हे कातळालाही लागू पडतं. कातळ आपण मानला म्हणून झालेला नाही, हे तिचं म्हणणं खरंच होतं, आणि ते सोडून देण्याची गरज नव्हती.

आता थोडी सावधगिरी. त्रिरश्मीवरचे भिक्षू शून्यतेचा असा अर्थ शिकवत होते, असं मी म्हणत नाही. या डोंगरावरचं तिसरं लेणं, गौतमी बलश्रीनं दिलेलं, भद्रयानीय या वेगळ्या बौद्ध निकायाला दिलेलं आहे, आणि माध्यमिक विचार म्हणून आपण जे ओळखतो ते नागार्जुनाच्या ग्रंथांतून पुढे आलेलं आहे. ठेवीचं उदाहरण म्हणून वापर मी करतो. हे स्पष्ट सांगितलं नाही तर ‘नाशिकच्या लेण्यांत शून्यवाद कोरला आहे’ असं वाक्य उत्तरपत्रिकेत येतं.

नाशिकच्या वर्गात यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तो यावा अशी माझी इच्छाच असते. जात शून्य आहे का? हे शहर काळाराम मंदिराचं आहे. २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा केली. वर्गात ज्यांच्या घरात हा इतिहास आहे अशी मुलं बसलेली असतात. त्यातल्या एकानं विचारलं, “जात शून्य आहे असं म्हटलं की ‘आता जात राहिलीच कुठे’ म्हणणाऱ्यांचं फावणार नाही का?”

त्याची भीती रास्त आहे, कारण शून्यता म्हणजे नसणं हा गैरसमज इथे नुसता परीक्षेतला राहत नाही, माणसाला दुखावतो. मी त्याला ठेवीकडे परत नेलं. ठेव सात जागी सापडली नाही, तरी चीवर देत होती. तशीच जात रक्तात सापडत नाही, त्वचेत सापडत नाही, आडनावात म्हणावी तर आडनाव बदलता येतं. पण बंद दरवाजे, ठरलेली लग्नं, वेगळे पाणवठे, कुणी कुठलं काम करायचं याची सक्ती, आणि हे सगळं योग्यच आहे असं सांगणारी वचनं, या अटींवर ती उभी राहते आणि माणसाचं आयुष्य चिरडते. शून्य आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. जात जन्मजात स्वभाव आहे, हा दावा मात्र शून्यता मुळापासून काढून टाकते.

कारिकेचं २४वं प्रकरण नेमकं याच वादावर उभं आहे. प्रतिपक्षी म्हणतो, सगळं शून्य असेल तर दुःख नाही, दुःखाचा उदय नाही, निरोध नाही, मार्गही नाही. चार आर्यसत्यं बुडाली. नागार्जुन डाव उलटवतो. दुःख स्वभावानं असतं तर ते उत्पन्न झालं नसतं आणि त्याचा निरोधही झाला नसता. ज्याला शून्यता जुळते त्यालाच सगळं जुळतं. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबही सांगतात की शून्यता म्हणजे उच्छेदवाद नव्हे, आणि शून्यतेमुळेच सगळं शक्य होतं. त्यांचा भर क्षणोक्षणी होणाऱ्या बदलावर आहे. नागार्जुनाचा अवलंबनावर, आणि तो बदलापेक्षा व्यापक आहे, कारण आकाशासारख्या न बदलणाऱ्या मानलेल्या गोष्टींनाही तो तोच प्रश्न विचारतो. हा फरक मी मुलांना सांगतो, पण दोघांची दिशा एक आहे हेही सांगतो.

त्याच तासाला एक मर्यादाही बोलून घ्यावी लागते. जात शून्य आहे हे ओळखल्यानं जात जात नाही. ठेव बंद व्हायला तिच्या अटी सुटाव्या लागल्या. जातीच्या अटीही कुणाला तरी मोडाव्या लागतात. आणि ती मोडली पाहिजे हे शून्यता एकटी सांगत नाही, ते दुःखाकडे पाहून कळतं.

शेवटचा गैरसमज हुशार मुलांचाच होतो. सगळं मान्य झाल्यावर ते शून्यतेलाच सगळ्याच्या मुळाशी नेऊन बसवतात, सोन्याच्या जागी. मग ‘सर्व विश्व शून्यतेतून निर्माण झालं’ असं लिहितात. चंद्रकीर्तीचा दृष्टान्त इथे उपयोगी पडतो. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, तुला द्यायला माझ्याकडे काहीच माल नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मग तो ‘काहीच नाही’ नावाचा माल दे. कारिकेत म्हटलंय की सगळ्या दृष्टी सुटाव्यात म्हणून शून्यता सांगितली. जे शून्यतेचीच दृष्टी करून बसतात त्यांना बुद्धांनी असाध्य म्हटलंय. ठेवीची शून्यता ठेवीशिवाय कुठे शिल्लक नसते. ठेव आहे म्हणून ‘तिला स्वभाव नाही’ असं म्हणता येतं, तेव्हा शून्यताही अवलंबूनच.

समजलं की नाही हे पाहायला मी इंटर्नलला व्याख्या विचारत नाही. एकच प्रश्न घालतो: ‘उषवदाताची ठेव कधी शून्य झाली?’ ज्यांनी रिकाम्या भांड्याचं चित्र सोडलेलं नाही ते लिहितात, श्रेणी मोडली, व्याज बंद झालं तेव्हा. ज्यांनी सोनं धरून ठेवलंय ते लिहितात, नाणी गेली तरी मूळ दानाचं पुण्य शून्य झालं नाही. गेल्या परीक्षेत एका मुलानं दोनच ओळी लिहिल्या: ती नंतर शून्य झाली नाही, ज्या दिवशी निगमसभेत वाचून दाखवली आणि व्याज सुरू झालं त्या दिवशीही ती शून्यच होती, म्हणून तर सुरू होऊ शकली. मी त्याला पूर्ण गुण दिले.